फसलेल्या चित्रांची पानं

माझ्या टिपणाची पानं होती एकेचाळीस. नव्या माणसाच्या हातात पडली सहा. उरलेली पस्तीस कुणी काढून टाकली हे गुपित नव्हतं. ज्यांनी काढली त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि वर म्हणाले, "बघा मॅडम, आता किती वाचनीय झालंय." मला राग आला की मी आधी आकडेमोड तपासते, आपलंच काही चुकलंय का ते बघते. या वेळी तपासली. एकेचाळीस वजा पस्तीस, सहाच येतात.

मी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या जाहिरात संस्थेत काम करते. माझ्या हातात निर्मितीची बाजू असते, म्हणजे मजकूर आणि चित्र तयार झाल्यापासून ते छापून गिऱ्हाइकाच्या दारात पडेपर्यंतचं सगळं. आमचं एक गिऱ्हाईक आहे, माझ्याहून जुनं. बिबवेवाडीत त्यांचा कारखाना आहे. तिथे काठ्या, वॉकर, न्हाणीघरात धरायचे दांडे, कमोडवर ठेवायच्या उंच बैठका, असं सगळं म्हातारपणाचं सामान तयार होतं. मालक सत्तरीचे, सगळे त्यांना काका म्हणतात. काका फोनवर "हॅलो" म्हणत नाहीत, "बोला" म्हणतात, आणि दोन वाक्यांनंतर "झालं?" असं विचारतात.

काकांच्या जाहिरातीत एक आजोबा असतात. पांढरा सदरा, पट्ट्याची चप्पल, जरा मोठे कान, चेहऱ्यावर नुकताच कुणाला तरी टोमणा मारून झाल्याचं समाधान. हे आजोबा खरे नाहीत. कॉम्प्युटरनं काढलेले आहेत. पूर्वी आम्ही एका खऱ्या गृहस्थांचे फोटो वापरायचो. ते मुलाकडे परदेशी गेले, आणि त्याच सुमारास चित्रं तयार करणारी ही नवी साधनं आमच्याकडे आली. आजोबा काकांना एवढे आवडले की औषधांच्या दुकानातल्या फलकावर, कॅलेंडरवर, खोक्यांवर, सगळीकडे तेच हवे झाले. दुकानदार "ते आजोबावाले" म्हणून माल मागवतात. म्हणजे दर महिन्याला तोच माणूस, त्याच कानांचा, नव्या जागी, नव्या कामात दाखवायचा. वाटतं तेवढं हे सोपं नाही, आणि माझी एकेचाळीस पानं त्यासाठीच होती.

यातलं काही माहीत नसलेल्याला मी असं समजावते. तुम्ही शब्दांत सांगता की काय हवं. त्याला प्रॉम्प्ट म्हणतात. साधन सुरुवात करतं ती मुंग्या आलेल्या टीव्हीसारख्या पडद्यापासून, आणि त्या ठिपक्यांतून हळूहळू चित्र उकलत जातं. सुरुवातीचे ठिपके कसे असतील हे एका आकड्यावर ठरतं, त्याला सीड म्हणतात. प्रॉम्प्ट तोच, सीड तोच, साधनाची आवृत्ती तीच, चित्राची लांबीरुंदी तीच, बाकीचे खटकेही तेच, तर चित्रही तेच येतं. यातलं एक जरी हललं तरी ते दुसरं चित्र असतं. म्हणून नुसतं "हा प्रॉम्प्ट छान चालला" असं लिहिणं म्हणजे "ती भाजी छान झाली होती" असं लिहिण्यासारखं आहे. कोणती भाजी, किती मीठ, कुठली कढई?

मी प्रत्येक चित्रापुढे हे सगळं लिहीत असे. आमच्या साधनात एका वेळी चार चित्रं मागितली तर दिसणारा सीड पहिल्याचा असतो, पुढच्या प्रत्येकाचा एकानं वाढत जातो. काकांनी पसंत केलेलं चित्र तिसरं असेल तर सीडमध्ये दोन मिळवायचे. हे आम्हाला कळेपर्यंत आमच्या मुलांनी एका मंजूर चित्राच्या मागे तीन दिवस घालवले होते. सुरुवातीला आम्ही इंटरनेटवरचं साधन वापरायचो. एका सोमवारी त्यांनी न सांगता आवृत्ती बदलली आणि सगळे जुने सीड एका दिवसात निकामी झाले. तेव्हाचं चित्र पाहून काकांनी फोन केला होता. "हे कोण पाहुणे आलेत? आमचे आजोबा कुठे गेले?" त्यानंतर आम्ही ऑफिसातच एक दणकट मशीन घेतलं, त्यावर साधनाची एकच आवृत्ती ठेवली, आणि आजोबांच्या मंजूर चित्रांवर शिकवून एक छोटी पुरवणी फाइल तयार केली, त्यामुळे चेहरा टिकू लागला.

ही झाली चाललेल्या गोष्टींची पानं. ती सहा होती. उरलेली पस्तीस फसलेल्या गोष्टींची.

तीच महत्त्वाची होती. जे चालतं ते नव्या माणसाला बसल्या बैठकीत सापडतं. जे चालत नाही ते सापडायला गिऱ्हाइकाचे शिव्याशाप खावे लागतात. "चाकं नकोत" असं प्रॉम्प्टमध्ये लिहिलं की वॉकरला हमखास चाकं येतात, कारण चाक हा शब्द त्यात पडलेला असतो. नको असलेल्या गोष्टी वेगळ्या चौकटीत लिहायच्या. वॉकरचे पाय मोजायचे, नेहमी मोजायचे, पाच येतात, कधी तीन. म्हणून माल कधीच साधनाकडून काढून घ्यायचा नाही. खऱ्या वॉकरचा फोटो काढायचा आणि तो चित्रात बसवायचा. आणि ठळक अक्षरांत, चौकटीत, त्या पस्तीसातलं पहिलं पान: खोक्यातल्या माहितीपत्रकाची चित्रं साधनाकडून काढायची नाहीत. रेखाटन, किंवा फोटो. दुसरं काही नाही.

याला कारण आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. काठी आणि दुखरा पाय बरोबर पुढे टाकायचे, म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार हलका होतो. काकांनी हे एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडून लिहून घेतलंय, माहितीपत्रकाचा मजकूर त्यांचाच. बहुतेक लोक काठी नेमकी उलट धरतात, दुखऱ्या बाजूला, कारण आधार तिथे हवासा वाटतो. त्या एका चित्रासाठीच तर पत्रक छापायचं. आणि साधनाला डावंउजवं कळत नाही. "डाव्या हातात काठी" असं लिहून मी चाळीस चित्रं काढून पाहिली होती. एकोणीस बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती, वीजही वाचली असती.

त्या पानावर आणखी एक ओळ होती: "चित्र आरशासारखं उलटवून दुरुस्त होत नाही. काठी दुसऱ्या हातात जाते, पण गुडघाही दुसरा होतो. हे आपल्याकडे एकदा झालंय."

आता सरांबद्दल. सर म्हणजे संस्थेचे मालक, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. त्यांनी खराडीत दुसरं ऑफिस थाटलं, तिथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांची कामं मिळावीत म्हणून, आणि मला तिकडे हलवायचं ठरवलं. काकांचं काम नव्या माणसाकडे जाणार होतं. नवा माणूस अकोल्याचा. तिथे एका फोटो स्टुडिओत दहा वर्षं काम केलेला, डोळा चांगला असलेला, अदबशीर. बायको आणि शाळेत जायला लागलेली मुलगी यांना घेऊन इथे भाड्याच्या घरात राहायला आलेला. सहा महिने परिवीक्षेचे. तोपर्यंत नोकरी कच्ची.

टिपण सरांकडे दिलं तेव्हा त्यांनी पानं चाळली, आणि फसलेल्या भागाशी थांबले.

"मॅडम, आपण काय काय फसलो याची स्मरणिका काढायची आहे का?"

"स्मरणिका नाही सर. त्याच चुका परत होऊ नयेत म्हणून."

"काकांचे चिरंजीव कागदपत्रं मागतायत. प्रोसेस बघायची आहे म्हणे. हे त्यांना दाखवू? पाच पायांचा वॉकर?"

"त्यांना वेगळी फाइल द्या. आपल्या नव्या मुलाला ही द्या."

"दोन फाइली करतो," सर म्हणाले. "काळजी करू नका."

पुण्यात "काळजी करू नका" याचा अर्थ "विषय संपला" असा होतो, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.

नव्या माणसाला सगळं समजावून सांगायला मला दोन दिवस मिळणार होते. मिळाला दीड तास, कारण खराडीला कुणाशी तरी बैठक निघाली. त्या दीड तासात मी त्याला मशीन दाखवलं, पुरवणी फाइल दाखवली, सीडमध्ये एक-दोन मिळवायचे ते शिकवलं. निघताना म्हटलं, "फसलेली पानं आधी वाचा. बाकीचं मग."

"हो मॅडम, वाचतो न."

त्यानं वाचलं. त्याच्याकडे आलेल्या सहा पानांच्या शेवटी सरांनी स्वतः एक ओळ घातली होती: "टाळायच्या गोष्टी: निष्काळजीपणा, घाई, क्लायंटशी वाद." त्याला वाटलं, मॅडम म्हणत होत्या ती फसलेली पानं हीच असणार. त्याचा काय दोष?

तीन आठवड्यांनी दुपारी मी खराडीच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. काचेची इमारत, आत एवढं गार की आमटी पहिल्या घासाला थंड. मोबाइलवर त्याचा निरोप आला. एक चित्र आणि खाली ओळ: "मॅडम, माझं पहिलं स्वतंत्र काम. काकांना आवडलं. आशीर्वाद असू द्या."

काठीचं माहितीपत्रक होतं. आजोबा सुरेख. खरं सांगते, आजवर मी काढून घेतलेल्या कुठल्याही आजोबांपेक्षा सुरेख. पायऱ्यांशी उभे, ऊन सदऱ्यावर, कान अगदी बरोबर. शेजारी फिजिओथेरपिस्ट बाईंचा मजकूर: उजवा गुडघा दुखत असल्यास काठी डाव्या हातात धरा. चित्रात काठी डाव्या हातात. आणि गुडघ्याचा पट्टाही डाव्या पायावर.

मी डबा बंद केला आणि फोन लावला.

"हे चित्र उलटवलंत का?"

"हो मॅडम. आधी काठी उजव्या हातात येत होती. कॅलेंडरचा मंजूर प्रॉम्प्ट, त्याचाच सीड, फक्त गुडघ्याचा पट्टा वाढवला. मग मजकुराशी जुळवायला फ्लिप केलं."

"पट्टा बघितलात?"

त्यानं माउस दोनदा दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "अरे बाप्पा."

"फाइल कुठे आहे?"

"सकाळीच प्रेसला गेली. सरांनी ओके केलंय."

मला त्याचाही राग आला, हे लपवत नाही. दहा वर्षं फोटो काढलेल्या माणसानं हात पाहिला आणि पाय पाहिला नाही! पण तो राग तिथल्या तिथे संपला, कारण हीच चूक आमच्याकडे यापूर्वी झाली होती, अशाच हुशार माणसाकडून, आणि ती परत होऊ नये म्हणूनच मी एक पान खर्ची घातलं होतं. मी त्याला विचारलं, चौकटीतलं पहिलं पान वाचलं नाही का? तो म्हणाला, कुठली चौकट? तेव्हा मला कळलं.

प्रेसवाल्यांना फोन केला. छपाई झाली होती, घड्या घालायचं काम चालू होतं. म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, "ताई, तुमचं ऐकलं असतं हो. पण हे काम आता तुमच्या नावावर नाही. सरांना सांगायला सांगा." नियमानं त्यांचं बरोबर होतं.

सर त्याच मजल्यावर, पलीकडच्या काचेच्या खोलीत होते. मी दार वाजवून आत गेले, मोबाइल समोर धरला आणि सांगितलं. त्यांनी चित्र मोठं करून पाहिलं.

"छान आलंय की."

"सर, पाय बघा."

पाहिला. क्षणभर त्यांच्याही कपाळावर आठी आली, ती मी पाहिली. मग ते खुर्चीत मागे टेकले.

"मजकूर तर बरोबर आहे ना? लोक मजकूर वाचतात."

"ज्यांना काठी लागते त्यांना चष्माही लागतो सर. ते चित्र बघतात."

"मॅडम, हे ब्रँडचं चित्र आहे, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन नाही. हा लॉट जाऊ दे. पुढच्या लॉटला दुरुस्त करू. आता थांबवलं तर काकांना कारण सांगावं लागेल."

"मग सांगू."

"काय सांगणार? की आमचा नवा माणूस डावंउजवं ओळखत नाही?"

"की आपण त्याला फसलेली पानं दिली नाहीत."

तेव्हा त्यांनी ते वाक्य म्हटलं, किती वाचनीय झालंय ते. मूळ फाइल त्यांनी कुठल्याशा 'जुनं' नावाच्या फोल्डरात टाकली होती. दोन फाइली करायच्या होत्या ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दोनच आहेत की. एक वापरातली, एक जुनी." आणि मग, जरा समजुतीच्या सुरात: "हे अकाउंट आता तुमचं नाही मॅडम. त्या मुलाचं काय करायचं ते मी बघतो. परिवीक्षा त्यासाठीच असते."

मी खोलीबाहेर आले. एक म्हातारा माणूस सुनेच्या हातून खोकं उघडून घेईल, आजोबांसारखी काठी धरेल, दुखऱ्या बाजूला, आणि जिना उतरेल. आणि ही चूक ज्याच्या नावावर लागणार त्यानं ती पानं पाहिलेलीच नव्हती. एका वाक्यात दोन माणसं निकालात. पुढच्या लॉटला दुरुस्त करू!

मी जिन्यात गेले, तिथे जरा उबदार असतं, आणि काकांना कारखान्याच्या लँडलाइनवर फोन लावला.

"बोला."

"काका, काठीचं पत्रक छापलंय ते खोक्यात घालू नका."

"तुम्ही आमचं काम आता बघत नाही असं कळलं."

"बघत नाही. पण बघितलं. काठी आणि पट्टा एकाच बाजूला आहेत."

पलीकडे कागद सरकल्याचा, मग मोबाइल शोधल्याचा आवाज. बराच वेळ.

"हात्तिच्या," काका म्हणाले. "मी तोंडच बघितलं. तोंड छान आलंय."

"तोंड छानच आलंय."

"जुनी पत्रकं आहेत गठ्ठाभर, ती घालतो. उद्या सकाळी या सगळे. झालं?"

"झालं."

घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बँकेतून निवृत्त झालेला, कोणत्याही प्रकरणात आधी अधिकार कुणाचा ते बघतो. म्हणाला, "म्हणजे तू मालकाला ओलांडून गिऱ्हाइकाला फोन केलास." म्हटलं, हो. "मग उद्या डबा कुठल्या पत्त्यावर न्यायचा ते बघ." आणि पोळ्या लाटायला बसला. हा त्याचा पाठिंबा.

दुसऱ्या दिवशी बिबवेवाडीत आम्ही चौघं काकांच्या टेबलाशी बसलो. मागे पत्र्याच्या शेडमध्ये पाइप कापायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे सगळ्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. रागावलेल्या माणसाला ते सोयीचं असतं. अकोल्याचा मुलगा, तो काही मुलगा नाही, पस्तिशीचा आहे, भिंतीशी टेकून बसला होता. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नसावं, चहाचा कपही तसाच.

सरांनी सुरुवात केली. दिलगीर आहोत, नवीन सहकाऱ्याकडून अनवधानानं, योग्य ती कारवाई, आमची प्रक्रिया अत्यंत काटेकोर. "काटेकोर" म्हणताना त्यांनी माझी सहा पानं टेबलावर ठेवली. माझी! वर नवं मुखपृष्ठ, आजोबांसह.

मी पिशवीतून एकेचाळीस काढली. घरच्या प्रिंटरवर काढून आणली होती. शाई शेवटी शेवटी फिकी झाली होती, पण पहिली पानं ठसठशीत होती.

"हे मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "यातलं सातवं पान वाचा काका. या पानाची याला गरज होती. याला ते मिळालं नाही. ते काढायचा निर्णय याचा नव्हता, माझा नव्हता. उरलं कोण ते तुम्ही बघा."

सर म्हणाले, "मॅडम, हा घरचा विषय आहे."

"घरचा होता. तुम्ही कारवाई म्हणालात तेव्हा बाहेर आला."

काकांनी चष्मा बदलला आणि सातवं पान वाचलं. सावकाश, चौकटीसकट. मग पाच पायांच्या वॉकरपाशी आले आणि, माझ्या सगळ्या रागात हे मला आठवतंच, जोरात हसले. "हा आम्हाला का नाही दाखवला? हा विकला असता. एक पाय फुकट!" चिरंजीवांसाठी प्रक्रिया हवी होती ना, असं सर काहीतरी म्हणायला गेले. काका म्हणाले, "त्याला हेच द्या. ते मुखपृष्ठ मला कॅलेंडरला चालेल."

मग अकोल्याच्या माणसाकडे वळून विचारलं, "चित्र कुणी काढलं?"

"मी," तो म्हणाला.

"पास कुणी केलं?"

त्यानं चहाचा कप हातात घेतला. सरांनी मुखपृष्ठ सरळ केलं.

"मी पण केलं," काका म्हणाले. "मोबाइलवर. अंगठा दाखवून. त्याला काढणार असाल तर मला काय काढणार? मी मालक आहे, मला काढायची सोय नाही." आणि यंत्राच्या आवाजावरून ओरडून सांगितलं, "पुढचं पत्रक यानंच करायचं. रेखाटन. पंधरा दिवसांत. झालं?"

काकांना मी काही थोर वगैरे म्हणत नाही. नवीन पत्रकाच्या छपाईचा खर्च त्यांनी सरांच्याच गळ्यात घातला, आणि जाताना मला म्हणाले, "एकेचाळीस पानं जरा जास्तच होतात हो. आटोपशीर लिहायला शिका."

नोकरी राहिली, त्याची आणि माझीही. सर आता माझ्याशी ईमेलवरच बोलतात, काचेच्या खोलीतून आठ पावलांवर बसलेल्या मला. बरं चाललंय. वाईट याचं वाटतं की मागच्या महिन्यात एका सॉफ्टवेअर कंपनीसमोर त्यांनी सादरीकरण केलं, त्यात पडद्यावर माझा पाच पायांचा वॉकर होता. "आमच्याकडे प्रत्येक अपयशाची नोंद ठेवली जाते," सर म्हणाले. "ही आमची संस्कृती आहे." समोरच्यांनी माना डोलावल्या. मी लॅपटॉपची वायर धरून कोपऱ्यात बसले होते. तो पडदा बंद करायला एक बोट पुरलं असतं.

टिपण आता पुन्हा अख्खं आहे, आणि त्यात एका पानाची भर पडली आहे. ते अकोल्याच्या माणसानं लिहिलंय. प्रॉम्प्ट, सीड, आवृत्ती, आकार, चारातलं कितवं चित्र, सगळं माझ्याच पद्धतीनं. शेजारी उलटवण्याआधीचं आणि नंतरचं चित्र, हातावर आणि गुडघ्यावर लाल गोल. मी तपासून पाहिलं. एकही आकडा चुकलेला नाही. फक्त 'कारण' या रकान्यात लिहिलंय: "आवश्यक माहिती उपलब्ध नव्हती."

मी फोन केला. "उपलब्ध नव्हती म्हणजे? ती काय पावसात वाहून गेली? काढून टाकली होती. कुणी ते लिहा."

"मॅडम, आहे तेच लिहिलं न."

"अर्धं लिहिलंय."

"ती फाइल सर पण उघडतात," तो म्हणाला. मग आवाज खाली घेऊन: "परिवीक्षा संपू द्या मॅडम. त्या दिवशी दुरुस्त करतो. शब्द आहे."

मला त्याचाही राग आला, आणि त्याच्यावर रागावता येत नाही याचा त्याहून जास्त. भाड्याचं घर, मुलीची शाळा. त्याच्या जागी मी काय लिहिलं असतं? म्हटलं, "ठीक आहे." आणि त्याचे सहा महिने ज्या दिवशी पुरे होतात ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली. कॅलेंडर काकांचंच आहे. वर आजोबा आहेत, समाधानी चेहऱ्यानं. त्या दिवशी सकाळी पहिला फोन मी त्याला करणार आहे.